मदत हवी आहे: चिडलेल्या ग्राहकाचा कॉल शिकवताना रोल प्ले नाटकी होतोय

नवखा_ट्रेनर
मी आठ वर्षं फ्लोअरवर होतो, आता ट्रेनिंगला आलोय. बँकेच्या एटीएम कार्डांचं प्रोसेस आहे, कॉल मराठी आणि हिंदी. १८ जणांची बॅच, बहुतेक फ्रेशर. चिडलेल्या ग्राहकासाठी मला फक्त दोन दिवस मिळतात.

अडचण अशी की रोल प्लेमध्ये सगळे पास होतात आणि फ्लोअरवर पहिल्याच शिव्या खाणाऱ्या कॉलला गळतात. ग्राहक झालेला पोरगा थोडा ओरडतो, समोरचा "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" म्हणतो, की हा लगेच "ठीक आहे मॅडम". सगळे हसतात. चेकलिस्टवर माफी टिक, नाव घेतलं टिक, सहानुभूती टिक. काय बदलू?

हेडसेट_वीर
माफी कमी पडते. आमच्याकडे कॉलमध्ये तीनदा सॉरी सक्तीचं होतं आणि ग्राहक शांत व्हायचे. स्क्रिप्ट पाठ करून घ्या, बाकी आपोआप येतं.

क्यूए_मावशी
सुरुवातीला माफी हवीच, तेवढं बरोबर. पण तिसऱ्या सॉरीला माणूस जास्त भडकतो, कारण त्याला कळतं की समोरच्याकडे दुसरं काही नाही. मी हजारो कॉल ऐकलेत. राग बहुधा उतरतो तो एजंट ग्राहकाचीच हकिकत त्याला नीट परत सांगतो तेव्हा.

तुमचा रोल प्ले फसतोय कारण ग्राहक झालेल्याने कधी निवळायचं हे ठरलेलं नाही. त्याला एक चिठ्ठी द्या. उदाहरणार्थ: ३ तारखेला एटीएममधून ४,००० रुपये निघाले नाहीत, खात्यातून कापले गेले. आज ११. हा तिसरा कॉल. आधीच्या दोघांनी "२४ तासांत येतील" सांगितलं. खाली नियम लिहा: "शांत व्हा" ऐकलं की आवाज एक पायरी वर. मध्येच तोडलं तरी वर. कारण न सांगता होल्डवर टाकलं तर थेट "सिनियरला द्या". रक्कम, तारीख आणि तिसरा कॉल हे तिन्ही एजंटने स्वतःहून म्हटलं तरच एक पायरी खाली. नुसत्या सॉरीने काही हलत नाही.

आणि हाती द्यायला खरी माहिती हवी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा व्हायला हवेत, पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. इथे मुदत ८ ला संपली, म्हणजे आजपर्यंत ३०० रुपये. हे ज्याला येतं त्याचा आवाज आपोआप स्थिर राहतो. फ्रेशर घाबरतो तो शिव्यांपेक्षा उत्तर माहीत नसल्यामुळे.

तिघांचे गट करा: एजंट, ग्राहक, निरीक्षक. ४ मिनिटं कॉल, ६ मिनिटं फीडबॅक, मग भूमिका बदला. अर्ध्या तासात सगळ्यांची पाळी होते.

त्रस्त_पुणेकर
तुम्ही लोक आधी फोन उचलायला शिका! माझं इंटरनेट चार दिवस बंद, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायची. तक्रार कुठे करू?

नवखा_ट्रेनर
दादा, हा धागा त्यासाठी नाही. पण "पहिल्यापासून कहाणी" हे वाक्य चिठ्ठीत घालतो. :)

मावशी, चेकलिस्टचं काय? निरीक्षक "छान बोललीस" एवढंच लिहितो.

क्यूए_मावशी
"सहानुभूती दाखवली का" हा रकाना काढा, तो डोळ्यांना दिसत नाही. जे कानांनी मोजता येतं तेच ठेवा: ग्राहकाचं पहिलं बोलणं न तोडता ऐकलं का, रक्कम आणि तारीख परत सांगितली का, होल्डचं कारण आणि वेळ सांगितली का, पुढे काय होणार, कधी, हे एका वाक्यात सांगितलं का. चार पुरेत. शेजारी एजंटचे नेमके शब्द लिहायला जागा.

फीडबॅकला आधी एजंट बोलेल, मग ग्राहक सांगेल की नेमक्या कुठल्या वाक्याला तो चढला, शेवटी निरीक्षक. सुधारायची गोष्ट एकच. आणि लगेच तोच भाग पुन्हा करायचा. ही दुसरी फेरी लोक वेळ नाही म्हणून गाळतात, शिकणं तिथेच होतं.

नवखा_ट्रेनर
आज सहा गटांवर करून पाहिलं. एक मुलगी पहिल्या फेरीत "सर, सिस्टीममध्ये दाखवतंय की" म्हणाली आणि ग्राहक दोन पायऱ्या चढला. दुसऱ्या फेरीत: "३ तारखेचे ४,००० अजून आले नाहीत, आणि हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय." वर्ग गप्प झाला, कोणी हसलं नाही.

दोन गोष्टी अडल्या. आमच्या क्वालिटी शीटमध्ये ठरलेलं माफीचं वाक्य जसंच्या तसं नसेल तर मार्क कापतात. आणि रोल प्लेमध्ये खऱ्या शिव्या वापरू द्याव्या का? एचआर नको म्हणतंय.

क्यूए_मावशी
वाक्य एकदा सुरुवातीला म्हणू द्या, मार्क वाचतील. शिव्यांचं मलाही ठरवता आलेलं नाही. आम्ही रेकॉर्ड केलेले कॉल ओळख पुसून ऐकवायचो, पण एक मुलगी रडत बाहेर गेली होती.

हेडसेट_वीर
ती चिठ्ठी टाईप केलेली असेल तर इथे टाका ना. उद्या माझीही बॅच आहे.