नुसतं 'ठीक आहे' आलं की

> एवढा मोठा मेसेज लिहिला, त्याचं उत्तर फक्त 'ठीक आहे. उद्या बोलू.' मला वाटतं संपलं सगळं. हे खरं की माझ्याच मनाचे खेळ, कसं ओळखायचं?

मेसेजला आवाज नसतो, चेहरा नसतो. ती रिकामी जागा आपणच भरतो, आणि दुरावण्याची धास्ती आधीच मनात असेल तर ती नकारानेच भरली जाते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या निरीक्षणांत काही बाळं, थोडा वेळ दूर गेलेली आई परत आल्यावरही लवकर शांत होत नसत. मोठेपणीही काहींचं तसंच होतं: उत्तर येऊनही जीव थाऱ्यावर येत नाही.

वहीत आधी समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. खाली तुमचा अर्थ: 'तो मला टाळतोय', खात्री ९० टक्के. मग त्यातून पडताळता येईल असं भाकीत काढा, उदाहरणार्थ 'उद्या रात्री दहापर्यंत तो स्वतःहून फोन करणार नाही.' त्याचे जुने मेसेजही चाळा. सगळं छान चाललं होतं तेव्हाही तो असंच त्रोटक लिहायचा का?

मधल्या वेळात टोमणा नको, मुद्दाम धरलेला अबोलाही नको. त्यामुळे तो चिडला तर भाकीत तुम्हीच खरं केलं असं होईल. दहानंतर खात्रीचा आकडा पुन्हा लिहा.

विचारायचंच असेल तर एकदाच, सरळ: 'उत्तर छोटं वाटलं. दमलायस की काही खटकलंय?' तेच पुन्हा पुन्हा विचारलं तर दिलासा फार टिकत नाही. आणि भाकितं वारंवार खरी ठरत असतील तर स्वतःला दोष देऊ नका, त्याच्या वागण्याबद्दल त्याच्याशी समोरासमोर बोला.