वेटिंग टाइम म्हणजे नेमका कुठला वेळ? (राउंड रॉबिनच्या उत्तरांवरून)

उत्तरपत्रिका:
ऑपरेटिंग सिस्टिमचे पेपर तपासतेय. शेड्युलिंगच्या प्रश्नात 'ॲव्हरेज वेटिंग टाइम काढा' असं आहे आणि खाली मराठीत 'सरासरी प्रतीक्षा कालावधी' दिलंय. एकाच गणिताला मुलांनी तीन वेगवेगळी उत्तरं लिहिली आहेत. मला शंका येतेय की काहींचं गणित बरोबर आहे, पण 'प्रतीक्षा' या शब्दाचा अर्थच त्यांनी वेगळा घेतलाय.

गणित असं. तीन प्रोसेस आहेत. पी१ शून्याला येते, तिला सीपीयू ५ मिलिसेकंद हवा. पी२ येते १ ला, तिला ४ हवेत. पी३ येते २ ला, तिला २ पुरतात. शेड्युलिंग राउंड रॉबिन, म्हणजे सीपीयू सगळ्यांना आळीपाळीने, आणि क्वांटम, म्हणजे एका पाळीचा वेळ, २ चा. मुलांची उत्तरं: ४.३३, ५ आणि १. यातलं १ कुठून आलं ते मला कळलंय, तरी आधी तुमचं मत ऐकायचंय. 'प्रतीक्षा' म्हटल्यावर तुम्ही कुठला वेळ मोजाल?

शब्दवेध:
भाषेच्या बाजूने सांगतो. 'प्रतीक्षा' म्हणजे काहीतरी घडेपर्यंत थांबणं. ते घडलं की प्रतीक्षा संपली. म्हणजे प्रोसेस आली आणि तिला पहिल्यांदा सीपीयू मिळाला, इथवरचा वेळ. मराठी वाचणाऱ्या मुलाने तसाच अर्थ लावला असेल तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

उत्तरपत्रिका:
नेमकं तेच झालंय. पी१ ला लगेच मिळाला, पी२ एक मिलिसेकंद थांबली, पी३ दोन थांबली. बेरीज ३, सरासरी १. पण त्याला रिस्पॉन्स टाइम म्हणतात आणि पेपरात तो विचारलेलाच नाही.

सर्व्हररूम:
मी रोज सर्व्हर बघतो, त्यामुळे मला हा प्रश्नच वेगळा वाटला. `top` लावलं की वर `wa` दिसतं. आमच्याकडे डेटाबेस अडकला की तो आकडा वाढतो, म्हणजे प्रोसेस डिस्कची वाट बघत बसलेल्या असतात. वेटिंग टाइम तोच ना? प्रोसेसच्या स्टेटच्या चित्रातही 'वेटिंग' असा वेगळा गोल असतो. मग या गणितात डिस्क कुठेच नाही, तर उत्तर शून्य यायला हवं.

रनक्यू:
सर्व्हररूम, हा घोळ खरा आहे आणि मुलांच्या वह्यांतही दिसतो. नाव सारखं असलं तरी हे दोन वेळ वेगळे आहेत. स्टेटच्या चित्रातली 'वेटिंग' म्हणजे प्रोसेसला आत्ता सीपीयू दिला तरी तिला त्याचा उपयोग नाही, कारण तिला डिस्कवरून काहीतरी यायचंय. शेड्युलिंगच्या गणितातला वेटिंग टाइम म्हणजे प्रोसेस पळायला तयार आहे आणि सीपीयू दुसऱ्याकडे आहे तो वेळ. चित्रात तो 'रेडी'च्या गोलात जातो. म्हणजे वेटिंग टाइम 'वेटिंग'मध्ये मोजायचाच नाही, 'रेडी'मध्ये मोजायचा. आणि `wa` तर प्रोसेसचा वेळही नव्हे. सीपीयू रिकामा बसलाय आणि कुणाचं तरी डिस्कचं काम बाकी आहे, अशा वेळाचा तो टक्का आहे.

याचा तपासणीशी थेट संबंध आहे. बरीच मुलं 'संपण्याची वेळ वजा येण्याची वेळ वजा बर्स्ट', म्हणजे सीपीयूचा एकूण वापर, हे सूत्र पाठ करून येतात. समजा एकटीच प्रोसेस आहे. २ मिलिसेकंद सीपीयू वापरते, ३ डिस्कवर जाते, मग १ पुन्हा सीपीयूवर. ती ६ ला संपते. सीपीयूचा एकूण वापर ३, म्हणून सूत्राने वेटिंग ३ येतं. पण तिच्या रांगेत दुसरं कुणी नव्हतंच, म्हणजे खरं उत्तर शून्य. प्रश्नात आयओ असेल तर तोही वजा करावा लागतो. उत्तरपत्रिका यांच्या गणितात आयओ नाही, म्हणून तिथे सूत्र चालतं.

शब्दवेध:
मग 'खोळंबा' का म्हणत नाही? माणूस तयार आहे, पण वाट मोकळी नाही म्हणून अडलाय, तेव्हा आपण 'खोळंबला' म्हणतो. आणि खोळंबा एकदाच व्हावा असंही नाही, वाटेत तीनदा होऊ शकतो. 'प्रतीक्षा' शब्दात हे दोन्ही येत नाही.

रनक्यू:
अर्थाने शब्द चोख बसतो. राउंड रॉबिनमध्ये पी१ पळते, बाहेर काढली जाते, पुन्हा रांगेत जाते, पुन्हा अडते. त्या सगळ्या खोळंब्यांची बेरीज म्हणजे वेटिंग टाइम. १ लिहिणाऱ्या मुलाने पहिलाच खोळंबा मोजला आणि पुढचे सोडून दिले.

तिसरं वर्ष:
मॅडम, मी आत्ताच सोडवून पाहिलं आणि माझं उत्तर तुमच्या तिन्हींपैकी एकही नाही, ४.६७ आलं. माझा गँट चार्ट हा:

```
पी१ ०–२ | पी२ २–४ | पी३ ४–६ | पी१ ६–८ | पी२ ८–१० | पी१ १०–१२
```

पी१ चं वेटिंग १२ वजा ५ म्हणजे ७, पी२ चं ५, पी३ चं २. बेरीज १४. कुठे चुकलं?

रनक्यू:
शेवटच्या चौकटीत. तिथे पोचेपर्यंत पी१ चं एकच मिलिसेकंद काम उरलंय. तू तिला अख्खा क्वांटम देऊन टाकलास. क्वांटम ही कमाल मर्यादा आहे. काम आधी संपलं की प्रोसेस तिथेच जागा सोडते. म्हणून ती ११ ला संपते, वेटिंग ६, एकूण बेरीज १३ आणि सरासरी ४.३३.

अशी चूक चार्टवरच पकडता येते. ५, ४ आणि २ मिळून ११ होतात. सीपीयू मध्ये कुठेही रिकामा राहिला नाही आणि एका प्रोसेसवरून दुसरीवर जाण्याचा, म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विचचा, वेळ प्रश्नात दिलेला नाही, म्हणजे चार्ट ११ ला संपायलाच हवा. १२ दिसलं की पुढचं तपासण्याआधी हीच जागा बघावी. काम संपलं तरी अख्खा क्वांटम देण्याची ही चूक चार्टच्या मध्ये झाली तर सगळेच पुढे सरकतात, त्यामुळे ती जास्त महाग पडते.

तिसरं वर्ष:
'क्वांटम संपला' आणि 'प्रोसेस संपली' या दोन्हीला मी वहीत 'संपला'च लिहीत होते. आता लक्षात आलं.

गणितवही:
म्हणजे ४.३३ बरोबर आणि ५ चूक. दोन मिलिसेकंदाला पी३ येते आणि त्याच क्षणी पी१ चा क्वांटम संपतो. नवी आलेली आधी रांगेत, बाहेर काढलेली तिच्या मागे, असा नियम आहे. ५ लिहिणाऱ्याने पी१ ला पी३ च्या पुढे घुसवलं. गुण देऊ नयेत.

उत्तरपत्रिका:
मला इथेच अडचण येतेय. ५ लिहिणाऱ्यांचा चार्ट असा आहे:

```
पी१ ०–२ | पी२ २–४ | पी१ ४–६ | पी३ ६–८ | पी२ ८–१० | पी१ १०–११
```

यात पी३ सहाला सुरू होऊन आठला संपते, तिचं वेटिंग २ च्या जागी ४ होतं. पी१ चं ६ आणि पी२ चं ५ जसंच्या तसं राहतं. बेरीज १५, सरासरी ५. चार्ट ११ लाच संपतो, कुठल्याही चौकटीत २ पेक्षा जास्त वेळ नाही. प्रश्नात रांगेबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. मग हा मुलगा कुठला नियम मोडतोय?

गणितवही:
सोडवलेल्या उदाहरणांत बहुतेक ठिकाणी नव्यालाच पुढे घेतात. आम्हाला तसंच शिकवलं.

रनक्यू:
तसं घेण्याची प्रथा जास्त दिसते हे मान्य. पण राउंड रॉबिनची अट इतकीच आहे की ज्याचा क्वांटम संपला तो रांगेच्या शेवटी जातो. त्याच क्षणी नवा आला तर 'शेवट' कुठला, यावर ती काही बोलत नाही. प्रत्यक्ष सीपीयूवर हा प्रश्न उठतही नाही. टायमरचा इंटरप्ट आणि नवी प्रोसेस तयार होणं ही दोन कामं कर्नल एकामागून एकच हाताळतो, त्यामुळे त्यातलं एक आधी होतंच. बरोबर २.००० ला दोन्ही घडणं हे कागदावरच्या पूर्णांकांमुळे झालंय. त्यामुळे प्रश्नपत्रिकेनेच सांगायला हवं होतं की बरोबरी झाली तर कोण आधी. सांगितलं नसेल तर दोन्ही उत्तरं धरावीत, मात्र पेपरभर एकच पद्धत ठेवलेली हवी.

गणितवही:
मग कुणीही काहीही लिहील आणि 'माझी पद्धत' म्हणेल.

रनक्यू:
नाही म्हणता येणार, कारण एकदा पद्धत निवडली की उत्तर एकच उरतं. ते पडताळायला मी एक वेगळी वाट वापरतो. संपण्याच्या वेळा बाजूला ठेवायच्या आणि चार्टच्या प्रत्येक चौकटीखाली त्या वेळी रांगेत किती जण उभे आहेत ते लिहायचं. ४.३३ च्या चार्टमध्ये १ ते २ या वेळात फक्त पी२ उभी, म्हणजे १. दोन ते चारमध्ये पी१ आणि पी३, दोघी दोन मिलिसेकंद, म्हणजे ४. चार ते सहामध्ये पी१ आणि पी२, पुन्हा ४. सहा ते आठमध्ये एकटी पी२, २. आठ ते दहामध्ये एकटी पी१, २. बेरीज १३. सूत्रानेही १३ आले होते. दुसऱ्या चार्टमध्ये फरक सहा ते आठच्या चौकटीतच पडतो. तिथे पी१ आणि पी२ दोघी उभ्या, म्हणून २ च्या जागी ४ आणि बेरीज १५.

दोन्ही वाटांनी आकडा जुळला तर वजाबाकी बरोबर आहे. जुळला नाही तर बहुतेक वेळा मुलाने येण्याची वेळ वजा केलेली नसते. तसं असेल तर या गणितात ६, ६ आणि ४ असे आकडे येतात, बेरीज १६.

उत्तरपत्रिका:
अगदी ५.३३ लिहिणारेही आहेत गठ्ठ्यात! मी त्यांना 'भागाकार चुकला' म्हणून बाजूला ठेवलं होतं. परत काढते.

सर्व्हररूम:
रांगेतली माणसं मोजण्याची रीत पटली. आमच्याकडे लोड ॲव्हरेज असाच काहीसा असतो ना?

रनक्यू:
जवळपास, पण लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये पळत असलेल्या प्रोसेसही धरतात आणि डिस्कवर अडकलेल्याही धरतात. म्हणजे तुमचा मघाचा घोळ तिथे मुळातच आत बसलेला आहे.

शब्दवेध:
मुद्दा पटला, तरी माझं म्हणणं सोडत नाही. पुढच्या प्रश्नपत्रिकेत 'एकूण खोळंबा' लिहा आणि बघा, १ लिहिणारे कमी होतील.

गणितवही:
मुलं 'वेटिंग टाइम' शोधत राहतील आणि खोळंबा म्हणजे काय ते विचारायला हात वर करतील. 'रेडी रांगेत काढलेला एकूण वेळ' लिहिलं तर कुणाला विचारावं लागणार नाही. बरोबरीच्या बाबतीत मात्र मी अजून नव्यालाच पुढे धरेन.

उत्तरपत्रिका:
गणितवही, मुलांना शिकवताना तसंच धरा, हरकत नाही. मी ४.३३ आणि ५, दोन्हींना पूर्ण गुण देतेय. १ लिहिणाऱ्यांना चार्टचे गुण मिळतील, उत्तराचे नाहीत, कारण इंग्रजी ओळ त्यांच्यासमोर होती. शब्दवेध यांना हे कडक वाटेल. मॉडरेशनच्या बैठकीत मराठी ओळीचा मुद्दा मांडते, तिथे वेगळं ठरलं तर या मुलांचे गुण बदलावे लागतील, म्हणून त्यांचे पेपर वेगळे बांधून ठेवलेत.