विषय: कर्जाचा बिझनेस प्लॅन – ‘मार्जिन 25 टक्के’ भाषांतरात कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,
बँकेला आमचा प्लॅन तिच्या भाषेत हवा आहे. गृहीतकांच्या पानावर ‘मार्जिन 25 टक्के’ असं लिहिलंय. तक्त्यात पहिल्या वर्षाची विक्री 1,20,000 आणि मालाची खरेदी 96,000 आहे. शब्दकोशातला प्रतिशब्द चालेल का? आणि आकडे नव्याने टाइप करायचे का?
– अनघा

अनघा, आकड्यांना कुठली आली भाषा! शीर्षकं तेवढी बदल. आकडे टाइप करू नकोस, एक्सेलमधली सूत्रं मोडतात.
– मिलिंद

मिलिंद, सूत्रांचं अगदी बरोबर. पण आकड्यांनाही भाषा असते. युरोपातल्या बऱ्याच भाषांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात. आपलं 1.250 म्हणजे सव्वा, तिथे ते साडेबाराशे वाचलं जाईल.

अनघा, प्रतिशब्द शोधण्याआधी तुझ्याच तक्त्यातून टक्का काढून बघ. ढोबळ नफा 24,000 येतो. तो खरेदीवर 25 टक्के आहे, विक्रीवर मात्र 20च. बँक मार्जिन विक्रीवर मोजते. नुसतं ‘मार्जिन 25 टक्के’ वाचलं की ते 30,000 नफा शोधणार आणि त्यांना 6,000 कमी दिसणार. हप्ते याच नफ्यातून फिटायचे असतात, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून वाक्य पूर्ण लिही: ‘खरेदी किमतीवर 25 टक्के वाढ, म्हणजे विक्रीवर 20 टक्के ढोबळ नफा, सर्व रकमा करवगळून.’ शेवटचे शब्द खरे आहेत ना, तेवढं तपास.
– सुनीता

माझ्या जन्मदाखल्याच्या भाषांतराला अधिकृत भाषांतरकाराचा शिक्का लागला होता. यालाही लागेलच ना? आधी तो माणूस शोधा.
– दत्ता

दत्ताकाका, ते प्रत्येक बँकेवर आहे, लेखी विचारलेलं बरं. पण शिक्का सांगतो की भाषांतर मुळाबरहुकूम आहे. मुळातली चूक तो पकडत नाही.
– सुनीता

सुनीताताई, तपासलं. विक्री ग्राहकाच्या बिलावरून घेतली होती, म्हणजे 20 टक्के कर धरून. खरेदी करवगळून आहे. आता?
– अनघा

मग 1,20,000 ला 1.2 ने भाग. विक्री 1,00,000 उरते आणि नफा 24,000 नाही, 4,000. कर ग्राहकाकडून घेऊन सरकारला भरायचा, तो आपला नव्हे. भाषांतर थांबव. आधी मूळ तक्त्यात विक्री करवगळून घे, रोखीच्या तक्त्यात कराचा भरणा वेगळ्या ओळीत दाखव, मग भाडं-पगार निघतात का ते बघ.
– सुनीता

किंमत 20 टक्क्यांनी वाढवली की झालं, 24,000 परत येतात.
– मिलिंद

हिशेबाने येतात. पण तेवढ्याच वस्तू खपतील हे नवं गृहीतक झालं, आणि बँक त्याला आधार मागेल. अनघा, तुझ्या मालाला ती वाढ पेलेल का?
– सुनीता