मशीनशिवाय दुधाचा फेस: फुल क्रीम की स्किम्ड?

अर्धाकप: घरी मशीन नाही, काचेच्या बरणीत दूध घालून जोरजोरात हलवते आणि कॉफीवर ओतते. गेल्या आठवड्यात काय भारी फेस आला होता, आज तेच फुल क्रीम दूध, तीच बरणी, आणि नुसते साबणासारखे मोठाले बुडबुडे, मिनिटभरात सगळं खाली बसलं. दूध बदलू का? स्किम्डचा फेस चांगला येतो म्हणतात ते खरं का?

फेसाळलेला: शंभर टक्के खरं. फेस धरतं प्रोटीन आणि मोडतं फॅट, एवढंच आहे. स्किम्डमध्ये फॅट जवळपास नाहीच, त्यामुळे फेस दुप्पट येतो आणि उभा राहतो. मी वर्षभर दुसरं दूध आणलेलं नाही. फुल क्रीम आणा आणि मग फेस नाही म्हणून रडत बसा, कशाला हवंय?

रात्रपाळी: उभा राहतो हो, पण खाऊन बघितलाय का कधी? दाढीच्या साबणासारखा कोरडा, वर वेगळा थर बसतो आणि खाली पातळ कॉफी. फुल क्रीमचा फेस कमी येतो पण बारीक असतो, कॉफीत मिसळतो. तुम्हाला फेस बघायचाय की प्यायचाय?

फेसाळलेला: दोन्ही :) पण तिचा प्रश्न फेस टिकत नाही हा आहे, चवीचा नाही.

गोडघाशी: मला पण हाच त्रास! अर्धा तास फेटलं तरी घट्ट होत नाही, केकवर घालायचं होतं. साखर आधी घालायची की नंतर?

रात्रपाळी: तुम्ही क्रीमबद्दल बोलताय, त्याला फॅटच लागतं आणि तेही भरपूर. दूध अर्धा तास काय, दिवसभर फेटलं तरी तसं उभं राहणार नाही.

तळाशी_साका: अर्धाकप, एक विचारू? हलवायच्या आधी दूध गरम करता का, आणि किती? आणि खोका उघडून किती दिवस झाले?

अर्धाकप: आज थोडं कोमट केलं होतं, बोट घातलं तर छान वाटेल इतपत. म्हटलं कॉफी गार नको व्हायला. गेल्या आठवड्यात घाईत होते, फ्रिजमधून काढलं आणि तसंच हलवलं. खोका चार दिवसांपूर्वी उघडलाय.

तळाशी_साका: मग सापडलं बहुतेक. फेसाळलेला म्हणतायत की फॅट फेस मोडतं, ते अर्धं बरोबर आहे, कारण फॅट कुठल्या तापमानाला आहे यावर सगळं अवलंबून आहे. फ्रिजमधलं दूध असतं तेव्हा फॅटचे कण बऱ्यापैकी घट्ट असतात, गप पडून राहतात. चांगलं गरम दूध, म्हणजे 60 अंशाच्या पुढे, तेव्हा फॅट पूर्ण वितळलेलं असतं, तेही फारसं आड येत नाही. वाईट काय तर मधलं, साधारण 20 ते 40 अंश. तेव्हा फॅट अर्धं घट्ट अर्धं पातळ असतं, बुडबुड्याच्या पडद्यावर जाऊन पसरतं आणि पडदा फाडतं, कण एकमेकांना चिकटायला पण लागतात. लोणी निघतं ते ह्याच भानगडीतून, म्हणजे तुम्ही फेस काढायला गेलात आणि अर्ध्या वाटेवर लोण्याकडे निघालात. स्किम्डला हा त्रास नाही कारण मोडायला फॅटच नाही, म्हणून त्यांना वर्षभर कळलंच नसणार.

तर फुल क्रीमच ठेवा आणि दोनातलं एक करा. बरणी वापरायची तर 150 मिली दूध फ्रिजमधून थेट, बरणी तिसरा हिस्साच भरा, वर हवेला जागा पाहिजे, झाकण घट्ट लावून 40-45 सेकंद जोरात हलवा. मग झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट, समोर उभं राहून बघा, फेस वर चढतो आणि उष्णतेने धरतो. आधी दूध खाली ओता, फेस चमच्याने वर. किंवा फ्रेंच प्रेस असेल तर उलटं, दूध आधी 60-65 पर्यंत गरम करा आणि मग दांडा वीसेक वेळा वरखाली. थर्मामीटर नको, भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले, वाफ यायला लागली, आणि धातूच्या भांड्याला बाहेरून हात एक-दोन सेकंदांवर ठेवता येईना की उतरवा. उकळी आणू नका, 70 च्या वर प्रोटीन बिघडायला लागतं, फेस पण बसतो आणि दुधाला उकळल्याचा वास येतो. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा आपटा आणि गोल फिरवा, मोठे बुडबुडे फुटतात, उरतो तो बारीक.

आणि एक, गरम दूध बंद बरणीत हलवायचं नाही. आत वाफेचा दाब होतो आणि झाकण उडतं. माझ्या मनगटावर डाग आहे त्याचा.

फेसाळलेला: कोमटचं मला खरंच माहीत नव्हतं, मान्य. पण मग एवढं सांभाळायचंच कशाला, स्किम्ड गार कोमट गरम कसंही चालतं, हा माझा मुद्दा उलट पक्का झाला की!

ओटवाली: गाईचं दूध सोडाच, मी ओट घेते. साधं ओट फेसत नाही हं, कॉफीसाठी म्हणून वेगळं मिळतं त्यात तेल आणि आंबटपणा सांभाळणारं काहीतरी घातलेलं असतं, ते छान फेसतं. बदामाचं घेतलं होतं, अगदी पाणी, कारण त्यात प्रोटीन नावालाच. सोयाचा फेस चांगला येतो पण गरम कॉफीत फाटलं माझं.

तळाशी_साका: सोया फाटतं ते कॉफीच्या आंबटपणाने, वर गरम असेल तर जास्तच. कॉफी जरा निवू द्या, मग दुधात हळूहळू ओता, दूध कॉफीत नको. तरी फार आंबट कॉफी असेल तर फाटेलच, त्याला इलाज नाही.

रात्रपाळी: चार दिवस उघडा खोका हा मुद्दा मात्र तुम्ही विचारलात आणि विसरलात.

तळाशी_साका: नाही विसरलो, मुद्दाम मागे ठेवला. दूध जुनं झालं की फॅटमधून फॅटी ॲसिड सुटं व्हायला लागतं, आणि ते फेसाचं खरं शत्रू. गंमत म्हणजे दूध नासलेलं नसतं, कॉफीत कळतही नाही, नुसतं प्यायलात तर किंचित कडसर, साबणी लागतं. अशा दुधाचा फेस फसफसून खाली बसतो. पण भांड्याला साबण किंवा तेलाचा अंश राहिला तरी अगदी असंच होतं. म्हणून ताजं दूध त्याच बरणीत गार हलवून बघा, त्याचाही बसला तर दूध नाही, बरणी दोषी.

अर्धाकप: केलं आत्ता. बरणी गरम पाण्याने परत धुतली. जुनंच दूध गार हलवलं तर फेस आला, मायक्रोवेव्ह नंतर चार-पाच मिनिटं टिकला. नवीन खोका उघडून तसंच केलं, तो फेस कॉफी संपेपर्यंत राहिला, शेवटी कपाच्या कडेला चिकटलेला होता. जुनं चाखलं, साबणी वगैरे काही कळलं नाही मला.

फेसाळलेला: म्हणजे कोमटपणा होताच आणि दूध पण होतं. किंवा बरणी. आता नीट धुतलीत ना, मग कसं सांगणार?

तळाशी_साका: बरोबर पकडलंत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर निकाल निघत नाही. अर्धाकप, अजून जुनं दूध उरलं असेल तर ह्याच धुतलेल्या बरणीत कोमट करून हलवा एकदा.

अर्धाकप: संपलं. दोन कप कॉफी झाली, आता झोप कशी यायची ते बघते.