रजा नाकारताना कारण एकच द्यावं की सगळी?

मीनल: आमच्याकडे रजेचा अर्ज आता पोर्टलच तपासतं: आधी शिल्लक, मग रजेसाठी बंद तारखा, मग सात दिवसांची पूर्वसूचना. पहिली अट मोडली की अर्ज परत आणि कारण तेवढं एकच. एचआरला हे सुटसुटीत वाटतं, मला नाही. तुमचं मत?

साडेनऊची लोकल: एचआरचं बरोबर आहे. शिल्लकच नसेल तर पुढचं बघून करायचं काय? चार कारणं दिली की लोक चारही कारणांवर हुज्जत घालतात.

पेरोलवाली: अजिबात नाही. समजा, ३० सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर रजा हवी, शिल्लक ४, आणि सहामाही हिशेबामुळे ३० तारीख बंद. २१ला अर्ज केला. पोर्टलने दिवस ५ धरले आणि 'शिल्लक अपुरी' म्हणून परत केला. एक दिवस कमी करून २३ला पुन्हा टाकला, तर '३० सप्टेंबर बंद'. मग २५ला १ ते ३ ऑक्टोबर मागितली, तर 'पूर्वसूचना ६ दिवस, हवी ७'. २१लाच दोन्ही कारणं कळली असती तर १ तारखेची रजा दहा दिवस आधी मागून झाली असती. पूर्वसूचनेची अट कर्मचाऱ्याने नाही, पोर्टलने मोडायला लावली.

साडेनऊची लोकल: पण मुळात पाच दिवस धरले कसे? २ ऑक्टोबरची सुट्टी आणि एखादा रविवार त्यातच असणार.

पेरोलवाली: सँडविच नियम असेल, म्हणजे रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्याही रजेत मोजत असतील, तर धरतात. म्हणून नुसतं 'अपुरी' नको, कुठला दिवस का मोजला तेही उत्तरात दिसू दे. बाकी जंत्रीबद्दल तुमची तक्रार मला मान्य आहे, दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही.

वकिलीण नाही: पंधरा दिवस आधी अर्ज दिला की नाकारताच येत नाही, कायदा आहे.

पेरोलवाली: अर्धं बरोबर. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. पंधरा दिवस आधी मागूनही नाकारली, तर ४५च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. नाकारता येतच नाही, असं नाही. त्यामुळे पहिल्या अर्जाची तारीख आणि नकाराचं कारण नोंदीत राहायलाच हवं. नवा अर्ज टाकला की जुना पुसणारी पोर्टलं मी पाहिली आहेत.

नाशिककर: आईला अचानक ॲडमिट केलं तेव्हा माझा अर्ज पूर्वसूचनेवरून परत आला. सात दिवस आधी कळवायचं तरी कसं?

मीनल: दादा, मी नियोजित रजेबद्दल विचारत होते. पण तुमचा अर्ज तर माणसाकडेच जायला हवा होता.

साडेनऊची लोकल: इथेच माझी अडचण. सगळंच माणसाकडे गेलं तर बंद तारखांना अर्थ काय? साहेबांच्या मर्जीतले सुटणार, बाकीचे ३० तारखेला हजर.

पेरोलवाली: ती भीती खोटी नाही. शिल्लक संपली तर पोर्टलने थेट नाकारावं, बिनपगारीचा पर्याय दाखवून. बंद तारखेवर मात्र अपवाद कोणी करायचा, यावर आमच्याकडेही अजून भांडण चालू आहे.