मदत हवी आहे: विचार आपल्या शब्दांत मांडला तरी पान क्रमांक द्यायचा का? आणि तो आता कसा शोधायचा?

कोथरूडची वाचक
एमए समाजशास्त्राचा लघुप्रबंध चालू आहे. दुसऱ्या प्रकरणात मी आंबेडकरांचा एक विचार माझ्या शब्दांत मांडलाय: जातिव्यवस्था नुसती कामं वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळं करते आणि एकावर एक रचते. त्यामुळे कुणाचंच मन कामात राहत नाही, म्हणून ती आर्थिक दृष्ट्याही तोट्याची आहे. कंसात फक्त नाव आणि साल दिलं होतं. मॅडमनी समासात "पान?" एवढंच लिहिलंय. अवतरण नसताना पान लागतं का? टिपणवहीत पान लिहिलेलं नाही, फक्त "जातिप्रथेचे निर्मूलन, श्रमविभागणी" एवढं आहे. इंग्रजी खंडाची पीडीएफ आहे, पण 'श्रमविभागणी' टाकून काहीच सापडत नाही.

नळस्टॉप
एपीएमध्ये अवतरणालाच पान लागतं. विचार आपल्या शब्दांत असेल तर नाव आणि साल पुरे. मॅडमना नियमावली दाखवा.

तळटीप
एपीएपुरतं हे बरोबर आहे, पण अर्धंच. सातव्या आवृत्तीत पान सक्तीचं नसलं तरी मजकूर लांब किंवा गुंतागुंतीचा असेल तर द्यावं असं सुचवलेलं आहे. एमएलएमध्ये मात्र स्रोताला पानं असतील तर आपल्या शब्दांतल्या विचारालाही पान द्यावंच लागतं. शिकागोच्या तळटिपांतही विशिष्ट मुद्द्याला पान अपेक्षित असतं. म्हणून आधी विभागाने कोणती पद्धत ठरवलीय ते पाहा. त्यावर मार्गदर्शकांनी पान मागितलं असेल तर नियमावली पुढे करून काही साधत नाही. आणि इथे त्यांची मागणी रास्तच आहे. त्या खंडात जातींवरचा निबंध, शेतीच्या लहान तुकड्यांवरचा निबंध, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' असं बरंच काही एकत्र बांधलेलं आहे. नुसतं साल दिलं तर वाचणाऱ्याने कुठे बघायचं?

सदाशिव पेठ ४११०३०
पानं तर शेवटी संदर्भसूचीत देतातच ना? माझ्या लेखात मी प्रत्येक नियतकालिकासमोर ४५–६२ असं लिहिलं होतं, कुणी हरकत घेतली नाही.

तळटीप
ते वेगळं. सूचीतले आकडे लेख कुठून कुठपर्यंत छापलाय ते सांगतात. इथे मजकुरातलं एक विधान नेमकं कुठून आलं हा प्रश्न आहे.

आता शोधण्याकडे. आपण आपल्या शब्दांनी शोधतो, तिथेच घोटाळा होतो. पीडीएफ इंग्रजी आहे, तर लेखकाने कोणता इंग्रजी शब्द वापरला असेल ते आधी ताडायचं. labour टाकलंत तर खंडभर सापडत राहील, शेतीच्या निबंधातसुद्धा. तुमच्या वाक्यात वेगळं काय आहे? काम नव्हे, काम करणारी माणसं. म्हणून labourers शोधा. स्पेलिंग ब्रिटिश आहे, u विसरू नका. संपूर्ण वाक्यांश टाकू नका. ओळ तुटते तिथे शब्दाचे दोन तुकडे होतात आणि शोध फसतो. एकच दुर्मीळ शब्द घ्यावा.

दुसऱ्या भागासाठी, म्हणजे एकावर एक रचण्यासाठी, graded शोधा. तिसऱ्यासाठी efficiency. हे तिन्ही शब्द जिथे जवळजवळ येतात तीच तुमची जागा: 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'चा चौथा विभाग. graded एकटाच कुठे सापडला तर लगेच थांबू नका. ही कल्पना आंबेडकरांनी इतर लेखनातही पुन्हापुन्हा मांडलीय आणि पहिली सापडलेली जागा तुमचीच असेल असं नाही. सापडलेला परिच्छेद आणि तुमचं वाक्य शेजारी ठेवून एकेक दावा जुळवा.

शेवटी पान. पीडीएफच्या खिडकीत दिसतो तो आकडा लिहू नका, तो पहिल्या कव्हरपासून मोजलेला असतो. छापील पान १ पीडीएफच्या १९व्या पानावर असेल तर फरक १८ धरायचा. मात्र मधे आकडा नसलेली चित्रपानं असली किंवा स्कॅन करताना एखादं पान सुटलं असलं तर हा फरक पुढे बदलतो. म्हणून हिशेब फक्त जवळ पोहोचण्यासाठी, लिहायचा तो पानावर छापलेला आकडाच.

कोथरूडची वाचक
labourers ने लगेच सापडलं! महाराष्ट्र शासनाच्या पहिल्या खंडात पान ४७. पण कामात मन नसण्याचा भाग पुढच्या पानावर आहे. दोन्ही लिहू?

तळटीप
हो, ४७–४८. तुमचं वाक्य दोन्ही पानांवर उभं आहे. नुसतं ४७ दिलंत तर आर्थिक तोट्याचा मुद्दा तिथे मिळणार नाही. सोबत विभाग ४ असंही लिहा. दुसऱ्या प्रकाशकाची प्रत असणाऱ्यालाही विभाग सापडतो, पान सापडत नाही.

जयकर_तळमजला
एक राहिलं. टिपण इंग्रजीवरून केलं होतं की मराठी अनुवादावरून? टिपणवहीत "जातिप्रथेचे निर्मूलन" असं मराठी नाव दिसतंय. अनुवाद वाचला असेल तर पान त्या अनुवादाचंच हवं, इंग्रजीचं नाही. ग्रंथालयात तीच प्रत काढून शीर्षकपानाच्या मागची बाजू बघा: साल आणि आवृत्ती. मराठीत नुसत्या पुनर्मुद्रणालाही पुष्कळदा "दुसरी आवृत्ती" छापतात, म्हणून आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका. एखादं पान दोन्ही प्रतींत ताडून बघा.

स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमध्ये शोध लागत नसेल तर त्यात अक्षरओळख झालेली नसते. ती अशी करता येते:

```
ocrmypdf -l mar juni.pdf navi.pdf
```

त्यासाठी टेसरॅक्टची मराठी भाषाफाईल टाकलेली असावी लागते. पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असेल तर 'काही' शोधून मिळणार नाही, तिथे 'कांहीं' छापलेलं असतं. अनुस्वार नसलेला, जोडाक्षर नसलेला छोटा शब्द घ्या. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पीडीएफ दिसायला मराठी, पण आत भलतीच अक्षरं असतात. तिथे शोध चालतच नाही. पानं प्रतिमा करून वरची आज्ञा चालवा, नाहीतर अनुक्रमणिका आणि शेवटची विषयसूची हाच रस्ता.

कोथरूडची वाचक
अनुवाद आणि इंग्रजी दोन्ही वाचलं होतं, टिपण कशावरून ते आठवत नाही. उद्या जयकरमध्ये अनुवादाची प्रत बघते. अजून एक अडचण: दुसऱ्या एका टिपणात "जात ही मनाची अवस्था आहे" असा मुद्दा आहे आणि तो मला पुस्तकभर पसरलेला वाटतो. त्याला कोणतं पान देऊ?

नळस्टॉप
तिथे तरी नुसतं साल चालेल ना? पूर्ण पुस्तकाचा विचार आहे.

तळटीप
पुस्तकाचा मध्यवर्ती सिद्धान्त असेल तर चालतं, पण आधी notion शोधा, त्याच्या शेजारीच state of the mind असं येतं. इतकं ठरीव वाक्य बहुधा एका जागी असतं आणि पुढे त्याचा विस्तार असतो. ती जागा मिळाली की तिचंच पान द्या.

जयकर_तळमजला
मी तर शोधून मिळालं नाही तर वाक्यच काढून टाकेन. स्वतःची टिप्पणी लेखकाच्या नावावर जायची भीती असते.

तळटीप
काढायच्या आधी विभागशः वाचून बघा, लगेच काढायची घाई नको.

कोथरूडची वाचक
सापडलं तर इथे लिहिते. मॅडमना विभाग क्रमांक आणि पान असं दोन्ही चालेल का, तेही विचारते.