मदत हवी आहे: ४ जी म्हणजे किती मी/से²? रोलर कोस्टरचं गणित उत्तराशी जुळत नाहीये

मीनल_कोथरूड
भाचा अकरावीत आहे, त्याच्या क्लासच्या नोट्समधलं गणित आहे आणि दोघं मिळून डोकं धरून बसलोय. गणित असं: "रोलर कोस्टरच्या उभ्या वर्तुळाकार लूपच्या तळाशी प्रवाशाला ४ जी जाणवतात. लूपची त्रिज्या १२ मीटर. प्रवाशाचं त्वरण मी/से² मध्ये काढा व त्यावरून गाडीचा वेग काढा."
आम्ही सरळ ४ × ९.८ = ३९.२ केलं, मग v² = a × r म्हणजे ४७०.४, वेग २१.७ मी/से. मागे उत्तर दिलंय २९.४ आणि १८.८. एवढं साधं रूपांतर, त्यात चुकण्यासारखं आहे काय? भाचा म्हणतो छापायची चूक, मला तसं वाटत नाही कारण दोन्ही आकडे आपसात जुळतात.

सडाफटिंग
छापायचीच चूक. गणित करणाऱ्याने ३ जी धरलं आणि टाइप करणाऱ्याने ४ मारलं, क्लासच्या नोट्स म्हणजे काय विचारूच नका. १ जी = ९.८ मी/से², जितके जी तितक्याने गुणायचं, विषय संपला. रूपांतरात वजाबाकी कधीपासून यायला लागली? फूटाचे मीटर करताना एक फूट कमी करतो का आपण?

पाना_पक्कड
सडाफटिंग, गुणाकाराबद्दल तुमचं बरोबर आहे, नेमका आकडा ९.८०६६५ आहे पण शाळेत ९.८ चालतो. प्रश्न गुणाकाराचा नाहीच, गुणायचं कशाला हा आहे.
मीनलताई, आत्ता तुम्ही खुर्चीत बसला असाल तर तुम्हाला १ जी जाणवतोय, खुर्ची तुम्हाला तुमच्या वजनाइतकं वर ढकलतेय. पण तुमचं त्वरण शून्य आहे, कारण गुरुत्वाकर्षण तेवढंच खाली ओढतंय. आता गाडी तळाशी आहे. "४ जी जाणवतात" म्हणजे सीट वजनाच्या चौपट वर ढकलतेय. पृथ्वी एकपट खाली ओढतेच आहे, ती काही सुट्टीवर गेली नाही. उरले तीनपट, आणि गाडीला वर वळवणारं त्वरण फक्त तेवढंच. म्हणून ३ × ९.८ = २९.४. मग v² = २९.४ × १२ = ३५२.८, v = १८.८ मी/से, म्हणजे ताशी ६८ किमीच्या आसपास. उत्तर बरोबर आहे. गणितातला "जाणवतात" हा शब्द सगळं ठरवतो, तिथे "गाडीचं त्वरण ४ जी आहे" असं असतं तर तुमचं ३९.२ बरोबर होतं.

मीनल_कोथरूड
अच्छा! म्हणजे राइडचं गणित आलं की आधी एक वजा करायचा आणि मग ९.८ ने गुणायचं, असंच लिहून देऊ का त्याला?

पाना_पक्कड
नको नको, तो नियम केलात की पुढच्याच गणितात फसेल. दिशा बघायची. जपानमधल्या फुजी-क्यू पार्कात डो-डोडोंपा नावाचा कोस्टर होता, जाहिरात होती १.५६ सेकंदात ताशी १८० किमी. १८० किमी म्हणजे ५० मी/से, भागिले १.५६, त्वरण ३२ मी/से². याला ९.८ ने भागा, ३.२७ जी येतात. इथे ढकलणं आडवं आहे आणि गुरुत्वाकर्षण उभं, त्यामुळे आडव्यातून एक वजा करायचा प्रश्नच नाही. पाठीला ३.२७ जी लागतात, बुडाला नेहमीचा १. (हे सरासरी आहे बरं, क्षणाचा कमाल आकडा यापेक्षा जास्तच असणार.)
आणि लूपच्या माथ्यावर उलटं होतं. तुम्ही डोकं खाली करून आहात, सीट आणि पृथ्वी दोघंही खालीच ढकलतायत. तिथे १ जी जाणवत असेल तर त्वरण २ जी, म्हणजे १९.६ मी/से². भाच्याला सांगा की आधी दोन बाण काढ, सीटचा आणि वजनाचा, बेरीज-वजाबाकी बाणच सांगतील.

घाटावरचा_बंड्या
धागा बघून राहवलं नाही. मागे एका पार्कात कोस्टरवर फोन खिशात ठेवून सेन्सरचं अ‍ॅप चालू केलं होतं, तळाला ३८ जी आले!! फायटर पायलट ९ जीला बेशुद्ध पडायच्या बेतात असतात म्हणतात आणि मी उतरून वडापाव खाल्ला. फोन खराब आहे की आपलं शरीर वेगळं आहे?

पाना_पक्कड
बंड्याभाऊ, फोन टेबलावर सपाट ठेवा आणि तेच अ‍ॅप बघा. १ दिसला तर ते जी आहेत, ९.८ दिसलं तर ते आधीच मी/से² आहेत. तुमचं नक्की दुसरं असणार. ३८ भागिले ९.८, म्हणजे ३.९ जी, तळाला एवढं येऊ शकतं, वडापावही पचतो. आणि फोन तुम्हाला सीटसारखंच "जाणवलेलं" दाखवतो, म्हणून खरं त्वरण हवं असेल तर तळाशी त्यातूनही ९.८ वजा, साधारण २८. फक्त एक, रुळांच्या खडखडाटाने आलेली एखादी सुई गाडीचा आकडा म्हणून धरू नका. आलेख काढला तर खरा उंचवटा सेकंदभर तरी टिकलेला दिसतो.

घाटावरचा_बंड्या
टेबलावर ९.७९ दाखवतंय 😅

तिरकी_रेघ
सगळं ठीक, पण या गणितातली गाडी लूप पूर्ण करूच शकत नाही हे कुणी बघितलं का? तळाशी v² = ३५२.८. v² = २gh ने वर किती चढेल ते काढा, ३५२.८ ÷ १९.६ = १८ मीटर. लूपचा माथा २४ मीटरवर! घर्षण शून्य धरलं तरी गाडी पाऊण उंचीपर्यंतच जाऊन मागे येणार, तीही चाकं रुळाला खालून धरून असतील तर. पूर्ण गोल लूप इंजिनाशिवाय आणि चाकांच्या त्या पकडीशिवाय जेमतेम पार करायचा तर तळाशी त्वरण किमान ५ जी लागतं आणि जाणवतात ६, त्रिज्या कितीही घ्या. म्हणूनच खरे लूप गोल नसतात, तळाला पसरट आणि वर आवळलेले असतात. १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनवर रिव्होल्यूशन आला, त्याचा लूप असाच आहे.

सडाफटिंग
बघा, म्हणजे गणित चुकीचंच आहे, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

तिरकी_रेघ
तुम्ही वेगळंच म्हणत होता. २९.४ आणि १८.८ बरोबरच आहेत, फक्त ती जागा लूप नसून उताराखालचा खोलगट भाग असायला हवी.

सडाफटिंग
बरं. पण "४ जी जाणवतात" याचा अर्थ प्रत्येक पेपरवाला सारखाच घेतो का? मी "अनुभवतो" लिहून सरळ त्वरण धरलेली गणितंही पाहिलीत. पोराने परीक्षेत काय करायचं?

पाना_पक्कड
हो, हा घोळ खरा आहे, इलाज माझ्याकडेही नाही. मी तरी पहिल्या ओळीत लिहीन, "सीटने दिलेलं बल वजनाच्या ४ पट धरलं आहे". तपासणारा वेगळं धरत असेल तरी त्याला कळेल पोराने काय केलंय. मार्क देईल का, ते त्याच्यावर.

मीनल_कोथरूड
दोन बाण काढून झाले, २९.४ आलं. माथ्यापर्यंत गाडी जात नाही हे ऐकल्यावर भाचा उड्या मारतोय, उद्या क्लासमध्ये सरांना विचारणार म्हणे. अजून एक शंका, g १० धरला तर त्वरण ३० आणि वेग १८.९७ येतो, पर्यायांत १८.८ आणि १९ दोन्ही असले तर काय निवडायचं?